मॅनेजर राजीनामा हातातच घेत नाही. दिला होता हे कसं सिद्ध करायचं?

डिस्पॅचवाला – सोमवार, 5 जानेवारी 2026, संध्याकाळ

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. सहा वर्षं होत आली. चिंचोळी एमआयडीसीत दुसरीकडे काम ठरलंय, 9 फेब्रुवारीला हजर व्हायचंय. माझ्या नेमणूक पत्रात 30 दिवसांची नोटीस लिहिली आहे, म्हणून आज सकाळी राजीनाम्याच्या दोन प्रती घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, कागद घडी घालून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "एक्स्पोर्टचा माल भरायचाय, मार्चनंतर बघू. हे खिशात ठेव, मी काही पाहिलंच नाही." मी दुसऱ्या प्रतीवर सही मागितली तर म्हणाले, "मी मंजूर केल्याशिवाय राजीनामा होत नसतो."

माझं विचारणं एवढंच आहे. त्यांनी घेतलाच नाही तर राजीनामा दिला असं धरायचं की नाही? 30 दिवस कधीपासून मोजायचे? एक मित्र म्हणालाय, उद्यापासून जाऊच नको. तसं केलं तर चालेल का?

---

हलगी_नाका

सोपं आहे बघ. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर राजीनामा टाइप कर, कोर्टाजवळ नोटरी करून घे. नोटरीचा शिक्का बसला की कुणाच्या बापाला नाकारता येत नाही. माझ्या चुलतभावानं असंच केलं होतं. आणि मित्र बरोबर म्हणालाय, राजीनामा देऊन झाला की जायचं कशाला?

---

आस्थापना_ताई

डिस्पॅचवाला, आधी मित्राचं ऐकू नका. उद्या नेहमीच्या वेळेला कामावर जा, पंच करा. का ते पुढं सांगते.

मी बरीच वर्षं आस्थापना विभागात काम केलं आहे, राजीनाम्याच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. भांडणं व्हायची ती जवळजवळ सगळी तारखेवरून. माणूस म्हणायचा मी पहिल्या तारखेला दिला, कंपनी म्हणायची आम्हाला कळलंच नाही, हा न सांगता निघून गेला. म्हणून तुमच्या मॅनेजरनं जे एकत्र केलंय ते सुटं करून बघा. राजीनामा पोहोचणं ही एक गोष्ट आणि मंजूर होणं ही दुसरी. खाजगी नोकरीत नोटीस सुरू व्हायला पहिली गोष्ट लागते. नेमणूक पत्रात दोघांनाही नोटीस देऊन करार संपवता येतो असं असेल, तर तुम्ही नोटीस देता, तिची मुदत पूर्ण करता आणि बाहेर पडता. नको असलेल्या माणसाला कामावर ठेवून घ्या असा हुकूम कोर्ट खाजगी मालकाला सहसा देत नाही, तसंच काम करायची इच्छा नसलेल्याला बांधूनही ठेवत नाही. एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याला अपवाद दोन. सेवेच्या नियमातच वेगळी अट असेल तर, किंवा त्या माणसाची चौकशी चालू असेल अथवा होणार असेल तर. तुमच्यावर काही चौकशी, मेमो वगैरे आहे का?

दुसरं म्हणजे मॅनेजर हा तुमचा मालक नाही. पत्र कंपनीच्या नावे आहे. त्यानं घेतलं नाही म्हणून कंपनीपर्यंत पोहोचायचे बाकीचे रस्ते बंद होत नाहीत.

हलगी_नाका, नोटरीनं एवढंच कळतं की त्या दिवशी त्या माणसानं त्या कागदावर सही केली. तो कागद कंपनीला मिळाला हे नोटरी कुठून सांगणार? पाचशे रुपये वाया.

---

डिस्पॅचवाला

ताई, चौकशी नाही, मेमो कधीच नाही. नेमणूक पत्रात "उभयपक्षी 30 दिवसांची लेखी नोटीस अथवा त्या मुदतीचा पगार" असं आहे. फर्म भागीदारीतली आहे. एचआर असं वेगळं कुणी नाही, पगाराचं एक अकौंटंट बघतात. मालक आठवड्यातून एक-दोनदा येतात.

---

आस्थापना_ताई

मग आज रात्रीच मेल करा. स्वतःच्या खाजगी आयडीवरून, कारखान्याच्या आयडीवरून नको, तो उद्या बंद केला तर पाठवलेला मेलसुद्धा तुम्हाला दिसणार नाही. मालकांचा आयडी पगाराच्या किंवा ऑर्डरच्या जुन्या मेलमध्ये सापडेल. मालक, अकौंटंट, मॅनेजर तिघांना एकाच मेलमध्ये घाला. पत्राचा फोटो जोडा, पण मजकूर मेलमध्येही टाइप करा. नुसती जोडलेली फाइल "उघडलीच नाही" म्हणतात.

मजकूर असा:

> विषय: राजीनामा – 30 दिवसांची नोटीस
>
> मी आपल्या फर्ममध्ये डिस्पॅच विभागात काम करतो. नेमणूक पत्रातील अटीनुसार 30 दिवसांची नोटीस देऊन मी नोकरीचा राजीनामा देत आहे. माझ्या कामाचा शेवटचा दिवस शनिवार, 7 फेब्रुवारी 2026 राहील.
>
> आज 5 जानेवारी 2026 रोजी सकाळी सुमारे साडेदहा वाजता मी हे पत्र मॅनेजरसाहेबांना त्यांच्या केबिनमध्ये समक्ष दिले. त्यांनी ते वाचून परत केले व पोच दिली नाही. म्हणून हेच पत्र मेलने व स्पीड पोस्टाने पाठवत आहे.
>
> नोटीस काळात मी नियमित कामावर येईन व चार्ज कोणाकडे द्यायचा ते कळवल्यास देईन.

यात "राजीनामा मंजूर करावा ही विनंती" असं लिहू नका. सवयीनं हात तिकडे जातो. विनंती केली की समोरचा म्हणतो, विनंती नाकारली. "बोनस दिल्यावर सोडीन" अशी अटही नको. मॅनेजरबद्दल राग असेल तो वेगळ्या कागदावर काढा, यात नाही.

तारीख 7 का, तर मेल आज पोचला असं धरलं आणि आजचा दिवस सोडला तर 30 वा दिवस 4 फेब्रुवारीला येतो. पण उद्या कुणी म्हणालं मेल पाहिला नाही, टपाल मिळालं तेच धरा, तर? टपाल गुरुवारी 8 ला पोचलं तरी तिथून 30 वा दिवस 7 फेब्रुवारीच येतो. तीन दिवस जास्त काम करून वाद मिटत असेल तर करा. 8 ला रविवार आहे, 9 ला तुम्ही मोकळे.

---

विडी_घरकुल

आमच्या मेव्हण्याकडून कंपनीनं जबरदस्तीनं राजीनामा लिहून घेतला. तारीख पण त्यांनीच टाकली. त्याला परत घेता येतो का ओ? इथं राजीनाम्याचंच चाललंय म्हणून विचारालोय.

---

आस्थापना_ताई

विडी_घरकुल, तुमचं उलटं प्रकरण आहे आणि ते तातडीचं आहे. मेव्हण्यांनी आजच लेखी कळवावं की राजीनामा मनाविरुद्ध घेतला, मी तो मागे घेतो, मी कामावर यायला तयार आहे. जितका उशीर तितकं "स्वखुशीनं दिला" हे घट्ट होतं. नंतर कामगार कार्यालयात जा. वेगळा धागा काढा, इथं दोन्ही मिसळले तर दोघांचाही गोंधळ होईल.

---

गुरुजी_बार्शी

मी खाजगी अनुदानित शाळेत आहे. आमच्याकडे यासाठी कायद्यातच सोय आहे. महाराष्ट्राच्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या (1977 चा) कलम 7 मध्ये आहे की राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हीवर सही आणि तारीख टाकायची, एक रजिस्टर पोस्टानं व्यवस्थापनाला पाठवायची आणि एक स्वतःकडे ठेवायची. मुख्याध्यापकाच्या हातात द्या असं त्यात नाहीच. माझ्या मते हाच नियम सगळ्यांना लावावा. तुम्ही रजिस्टर एडी करा आणि निवांत राहा.

---

पोस्टातला

गुरुजी, रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही. 2025 मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. काउंटरवर रोज कुणी ना कुणी "आरपीएडी करायचंय" म्हणत येतंच. आता स्पीड पोस्ट करताना "नोंदणी लावा" असं सांगायचं. ही जादा सेवा आहे, पाच रुपये आणि वर जीएसटी. ती लावली की पत्र पत्त्यावरच्या माणसाला किंवा त्यानं नेमलेल्यालाच द्यायचं असतं. डिलिव्हरीचा पुरावा हवा असेल तर तोही तिथंच मागा. न मागता कुणी देणार नाही.

डिस्पॅचवाल्यांना तीन गोष्टी सांगतो, काउंटरच्या आतून बघून.

पावतीवरची छपाई काही महिन्यांत उडते. घरी जाऊन नाही, पोस्टाबाहेरच झेरॉक्स काढा आणि फोटो घ्या.

ट्रॅकिंगची नोंद साइटवर कायम राहत नाही. डिलिव्हरी दिसली त्याच दिवशी पान छापून किंवा पीडीएफ करून ठेवा.

पाकीट परत आलं तर शेरा नीट वाचा. "Refused" म्हणजे पोस्टमननं नेलं, समोरच्यानं नाकारलं. योग्य पत्त्यावरचं पत्र जाणूनबुजून नाकारलं तर ते मिळाल्यासारखंच कोर्ट धरतं, आमच्याकडून असे दाखले मागायला वकील येतात. पण "Door Locked" किंवा "Insufficient Address" असा शेरा आला तर ते नाकारणं नव्हे, पुन्हा पाठवा. आणि परत आलेलं पाकीट फोडायचं नाही, अजिबात. तसंच बंद ठेवायचं. लोक आत काय आहे बघायला फोडतात आणि पुरावा घालवतात.

---

हलगी_नाका

पण पाकिटात कोरा कागद होता असं म्हणाले तर? आमच्या गल्लीत भाड्याच्या भांडणात असंच झालंय. पावती पाकिटाची असते, आतल्या कागदाची नाही.

---

आस्थापना_ताई

हा मुद्दा मात्र एकदम बरोबर आहे. पोस्टाची पावती सांगते की काहीतरी गेलं. काय गेलं हे मेल सांगतो. म्हणून दोन्ही लागतात आणि दोन्ही एकमेकांना बांधायला लागतात. स्पीड पोस्ट केलं की त्याच मेलच्या धाग्यात दोन ओळी टाका: "वरील पत्राची सही केलेली प्रत आज स्पीड पोस्टाने पाठवली, क्रमांक अमुक." आणि पत्राच्या वरच्या कोपऱ्यात "मेल व स्पीड पोस्टाने" असं लिहा. मग कोरा कागद म्हणणाऱ्याला आधी तो मेल कुठून आला हे सांगावं लागेल.

पत्ता फर्मच्या नावानं घाला, "भागीदार, अमुक फर्म" असा. मॅनेजरच्या नावानं घातलं तर तो रजेवर आहे म्हणून परत येईल. अचूक पत्ता कारखान्याच्या फाटकावर जीएसटी क्रमांकाची पाटी असते तिथून किंवा नेमणूक पत्राच्या डोक्यावरून घ्या. दोन पत्ते असतील, ऑफिस शहरात आणि कारखाना एमआयडीसीत, तर दोन्हीकडे पाठवा.

---

हिंजवडी_ते_सोलापूर

मी पुण्यात आयटीत आहे, मूळची साखर पेठेची. आमच्याकडे राजीनामा पोर्टलवर टाकतात आणि मॅनेजरला तिथं नाकारायचं बटण असतं. माझा दोनदा नाकारला गेला, दर वेळी नोटीस नव्यानं मोजायची म्हणाले. मी पहिल्या वेळचा स्क्रीनशॉट, त्यात तारीख आणि अर्जाचा क्रमांक दिसेल असा, काढून एचआरला स्वतःच्या मेलवरून पाठवला आणि लिहिलं की माझी नोटीस पहिल्या तारखेपासूनच चालू आहे. शेवटी तीच तारीख धरली गेली. पोर्टलवर "Rejected" दिसतंय म्हणजे त्यांनी पाहिलंय, हेच तर आपल्याला हवं असतं. फक्त स्क्रीनशॉटच्या नादात कंपनीच्या फायली स्वतःला पाठवू नका, त्याच कारणावरून दुसरी कारवाई करतात.

---

डिस्पॅचवाला – बुधवार, 7 जानेवारी

मेल सोमवारी रात्री केला. काल दुपारी हेड पोस्टातून दोन स्पीड पोस्ट केली, नोंदणी लावून, क्रमांक मेलमध्ये टाकले. पत्राचा फोटो मॅनेजरना व्हॉट्सॲपवरही पाठवला. आज सकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आलाय: "मेल-बिल करून काही होत नसतं, मी तुझा राजीनामा घेणार नाही म्हणजे नाही." मला टेन्शन आलंय. आता काय?

---

आस्थापना_ताई

टेन्शन कसलं? हीच तुमची पोच आहे. "घेणार नाही" म्हणायला आधी तो मिळावा लागतो. 7 जानेवारीला सकाळी मॅनेजरला राजीनाम्याची आणि मेलची माहिती होती, हे त्यांनी स्वतःच्या आवाजात सांगितलं.

तो मेसेज लगेच फोनमध्ये उतरवून घ्या, ते त्यांच्याकडून सगळ्यांसाठी पुसू शकतात. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. आणि हा फोन काही महिने विकू नका, फॉरमॅट करू नका. पुढं खरंच कुठं दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते कोणत्या उपकरणातून काढलं हे त्यात येतं. मूळ फोन हातात असलेला बरा.

उत्तरात वाद घालू नका. एक ओळ पुरे: "आपला निरोप मिळाला. माझी नोटीस चालू आहे, शेवटचा दिवस 7 फेब्रुवारी 2026."

आता कामावर जाण्याचं सांगते. राजीनामा पोचलाय हे सिद्ध झालं की पुढची खेळी ठरलेली असते, माणूस न सांगता गैरहजर राहिला असं दाखवायचं. म्हणून हजेरी सांभाळा. पंच केल्यावर रोज वहीत वेळ लिहा, डिस्पॅचच्या चलनांवर तुमची सही असतेच, ती तारखेसह असू द्या. फाटकावर अडवलं तर तिथूनच मेल करा की अमुक वेळेला आलो होतो, आत सोडलं नाही. गड्ड्याची यात्रा आलीये, त्यात रजा घ्यायची असेल तर लेखी मंजुरी असेल तरच घ्या. नोटिशीतली रजा कंपन्या नाकारतात, आणि मग तेवढे दिवस पुढं ढकलतात.

---

हलगी_नाका

पण त्याच्या पत्रात "अथवा त्या मुदतीचा पगार" आहे की. मग महिन्याचा पगार भरून उद्याच सुटता येईल ना? मी तेच म्हणालो होतो.

---

आस्थापना_ताई

अट दोघांना लागू आहे, म्हणून हो, तसा मार्ग आहे. पण मग पगार खरंच भरावा लागतो आणि भरल्याचा पुरावा लागतो. न भरता, न सांगता थांबलं की तो मार्ग उरत नाही. आणि यांना पुढचं काम 9 फेब्रुवारीलाच आहे, मग स्वतःचा महिन्याचा पगार कशाला घालवायचा?

---

गुरुजी_बार्शी

ताई, मग आमच्या कलमात "रजिस्टर पोस्टानं" असा शब्द आहे त्याचं आता काय? नोंदणी लावलेलं स्पीड पोस्ट चालेल का?

---

पोस्टातला

पोस्टाच्या बाजूनं ते त्याचीच जागा घेतंय, गुरुजी. पण कायद्याचा शब्द कसा लावायचा ते मी बोलणार नाही. संस्थेशी वाद असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे एक प्रत आवक करून ठेवा, तो शिक्का तरी हातात राहील.

---

आस्थापना_ताई

आवक शिक्क्यावरून सांगायचं राहिलं. मोठ्या कारखान्यात किंवा बँकेत आवक-जावक रजिस्टर असतं. तिथं मॅनेजरकडे न जाता सरळ आवक लिपिकाकडे पत्र द्या. आणि पोच मागताना दुसऱ्या प्रतीवर आपणच लिहून न्या: "फक्त पत्र मिळाल्याची पोच, मजकूर मान्य असल्याची नव्हे." सही करणाऱ्याला भीती वाटते की आपण मंजुरी दिली असं होईल. ही ओळ वाचून बरेच जण सही करतात. मॅनेजरलासुद्धा मी हे करायला लावलंय.

---

डिस्पॅचवाला – गुरुवार, 8 जानेवारी

कारखान्याचं पत्र आज पोचलं, ट्रॅकिंगवर "Item Delivered" आलं, पीडीएफ केली. फाटकावर वॉचमनअण्णांनी शिक्का मारून घेतलं म्हणे. शहरातल्या ऑफिसचं अजून दाखवत नाही.

मालकांचा दुपारी फोन आला. चिडले नाहीत, पण म्हणाले, मार्चपर्यंत थांबलास तर बघू, नाही तर रिलिव्हिंग लेटर आणि हिशोब मिळायला वेळ लागेल. ते अडवू शकतात का?

---

आस्थापना_ताई

फोन झाला तसा मेल करा: "आज दुपारी फोनवर आपले बोलणे झाले, मी 7 फेब्रुवारीलाच मुक्त होत आहे." फोनचा कागद असा होतो.

पैशाचं स्पष्ट आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, तिच्या कलम 17 प्रमाणे राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. पाच वर्षांच्या वर झालेत म्हणून ग्रॅच्युइटीही आहे, ती देय झाल्यापासून 30 दिवसांत. दोन्हीसाठी कामगार कार्यालयात अर्ज करता येतो, आणि तिथं पहिला प्रश्न "शेवटचा दिवस कोणता" हाच असतो. त्याचे कागद तुमच्याकडे आता आहेत.

पीएफमध्ये त्यांनी सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी EPFO च्या पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` करून तुम्हीच टाकू शकता, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख 7 फेब्रुवारीच टाका, नव्या कंपनीच्या तारखेवर चढू देऊ नका.

रिलिव्हिंग लेटरचं मात्र मी खात्रीनं "मिळेलच" म्हणणार नाही. पगारासारखा सरळ रस्ता त्याला नाही. चिंचोळीवाल्यांना आजच विचारा की राजीनामा, पोच आणि शेवटची पगारपावती यावर ते घेतील का. बरेच जण घेतात.

---

हिंजवडी_ते_सोलापूर

माझ्या नव्या कंपनीनं एवढ्यावरच घेतलं होतं, लेटर नंतर आणून द्या म्हणाले. पण माझ्या मैत्रिणीला नाही घेतलं. म्हणून आधी विचारून ठेवा.

---

डिस्पॅचवाला – शुक्रवार, 9 जानेवारी

चिंचोळीत विचारलं. लेटर नसेल तर राजीनाम्याची प्रत, ट्रॅकिंगचं पान आणि जानेवारीची पगारपावती चालेल म्हणाले, पण पगारपावतीवर जुन्या फर्मचा शिक्का हवाय. आमच्याकडे पगारपावतीवर शिक्का कधीच नसतो, अकौंटंट नुसता प्रिंट देतात. त्यांना आज सांगितलंय. बँकेचं स्टेटमेंट त्याऐवजी चालेल का, कुणाला अनुभव आहे?